ईसीजीची रेघ कशी वाचतात

ईसीजी म्हणजे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याच्या वेळी त्याच्या स्नायूतून पसरणाऱ्या विजेची कागदावर उमटलेली नोंद. आधी वीज पसरते आणि मग क्षणभराने स्नायू आवळला जातो. म्हणून ईसीजीत दिसते ती आकुंचनाची आज्ञा. ती आज्ञा कुठून निघाली, कोणत्या वाटेने गेली, कुठे रेंगाळली आणि तिला किती वेळ लागला, हे रेघेवरून कळते. ती मिळाल्यावर हृदयाने रक्त किती जोराने ढकलले, हे मात्र या रेघेवरून थेट कळत नाही.

निवांत असलेल्या स्नायूपेशीच्या आतल्या बाजूला बाहेरच्या तुलनेत ऋण विद्युतभार असतो. वीज येताच सोडियमचे कण झपाट्याने आत शिरतात आणि हा भार उलटतो. नंतर पोटॅशियमचे कण बाहेर पडून पेशी पुन्हा पूर्ववत होते. उत्तेजित झालेल्या आणि अजून न झालेल्या भागांत त्या क्षणी विद्युतदाबाचा फरक असतो आणि तो शरीरातल्या क्षारयुक्त द्रवांतून त्वचेपर्यंत पोहोचतो. ईसीजी यंत्र टिपते तो हा फरक. हृदयाच्या दोन भागांत फरक नसेल, तर रेघ सपाट राहते. अर्थात सपाट रेघ म्हणजे हृदय स्वस्थ पडून आहे असे नव्हे. ईसीजी समजून घेताना हा मुद्दा पुन्हा पुन्हा उपयोगी पडतो.

नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा फरक अचूक टिपणारे यंत्र तयार केले. रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ते नोंद घेत. तरंगांना पी, क्यू, आर, एस आणि टी ही नावे त्यांनीच दिली. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भांड्यांची जागा आता चिकटपट्ट्यांनी आणि चिमट्यांनी घेतली आहे, नावे मात्र तीच राहिली.

कागद आणि लीड

ईसीजीच्या कागदावर एक मिलिमीटरचे लहान चौकोन असतात आणि दर पाच चौकोनांनंतर ठळक रेघ असते. कागद सहसा सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. त्यामुळे आडवा एक लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद आणि पाच लहान चौकोनांचा एक मोठा चौकोन म्हणजे ०.२० सेकंद. उभ्या दिशेने विद्युतदाब मोजतात. दहा लहान चौकोन म्हणजे एक मिलिव्होल्ट. कागदाच्या कडेला बहुधा दहा चौकोन उंचीची एक आयताकृती खूण छापलेली असते. यंत्र या प्रमाणावर लावले आहे, याची ती साक्ष. खूण पाच चौकोनांचीच असेल, तर सगळे तरंग निम्म्या उंचीचे दिसतील आणि वाचणाऱ्याची फसगत होईल. म्हणून आधी ही खूण आणि कागदाचा वेग पाहायचा, मग तरंग.

नेहमीच्या तपासणीत शरीरावर दहा ठिकाणी इलेक्ट्रोड लावतात आणि त्यांच्यातून बारा नोंदी निघतात. या प्रत्येक नोंदीला लीड म्हणतात. बारा लीड एकाच विजेकडे बारा दिशांनी पाहतात. रस्त्याच्या एका टोकाला उभ्या असलेल्या माणसाला मिरवणूक समोरून येताना दिसते, दुसऱ्या टोकाच्या माणसाला तीच मिरवणूक पाठमोरी जाताना दिसते, तसाच हा प्रकार. वीज लीडच्या धन टोकाकडे येत असेल तर रेघ वर उचलली जाते, दूर जात असेल तर खाली उतरते, आणि आडवी निघून गेली तर दोन्हीकडे थोडी थोडी हलते.

तरंग शिकायला लीड-२ सर्वांत सोयीची. ती उजव्या हाताकडून डाव्या पायाकडे पाहते. हृदयातली वीजही साधारणपणे वरून उजवीकडून खाली डावीकडे वाहते. त्यामुळे या लीडमध्ये मुख्य तरंग वरच्या दिशेने आणि स्पष्ट उमटतात.

पी : वरच्या कप्प्यांची हालचाल

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंदे आणि खालचे दोन म्हणजे निलये. ठोक्याची सुरुवात उजव्या अलिंदाच्या वरच्या भागातील एसए नोड या छोट्या पेशीसमूहात होते. हा नोड स्वतःच ठरावीक अंतराने वीज निर्माण करतो. विश्रांती घेणाऱ्या प्रौढ माणसात मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा. मात्र तो इतका लहान असतो की त्याची स्वतःची वीज कागदावर दिसत नाही. ती अलिंदांच्या स्नायूत पसरू लागली की मूळ रेषेवर एक छोटा, गोलसर उंचवटा उमटतो. हाच पी तरंग.

या उंचवट्याचा पहिला भाग उजव्या अलिंदाचा आणि शेवटचा भाग डाव्या अलिंदाचा असतो, कारण वीज उजवीकडून डावीकडे पोहोचायला थोडा वेळ लागतो. लीड-२ मध्ये निरोगी पी तरंग तीन लहान चौकोनांपेक्षा कमी रुंद आणि अडीच चौकोनांच्या आत उंच असतो. उजवे अलिंद मोठे झाले असेल तर तो उंच आणि टोकदार होतो. डावे मोठे झाले असेल तर तो रुंद होतो आणि कधी त्याला दोन शेंडे येतात.

अलिंदांत सुसूत्र लाट पसरतच नसेल, तर पी तरंग नाहीसा होतो. अलिंद कंपन या विकारात नेमके असे घडते. अलिंदांत ठिकठिकाणी विस्कळीत वीज फिरत राहते, मूळ रेषा बारीक थरथरते आणि खालचे ठोके कोणत्याही तालाशिवाय पडतात.

पीआर : मधला थांबा

पी तरंगानंतर रेघ मूळ जागी येते आणि थोडा वेळ सपाट चालते. याच वेळात वीज एव्ही नोडमधून पुढे सरकत असते. अलिंदे आणि निलये यांच्यामध्ये वीज न वाहून नेणारा तंतुमय पडदा असतो. निरोगी हृदयात तो ओलांडायची वाट एव्ही नोडमधूनच जाते. या नोडमधून वीज फार संथ जाते आणि तिथे वीज वाहणारा स्नायू इतका थोडा असतो की त्वचेवरून त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून रेघ सपाट.

हा उशीर हृदयाच्या सोयीचा असतो. अलिंदांनी आवळून आपल्यातले रक्त निलयांत उतरवावे आणि मगच निलयांनी आवळावे, एवढी सवड त्यातून मिळते. पी तरंग सुरू झाल्यापासून निलयांचा तरंग सुरू होईपर्यंतच्या काळाला पीआर अंतर म्हणतात. प्रौढांत ते ०.१२ ते ०.२० सेकंद, म्हणजे तीन ते पाच लहान चौकोन असते. ते यापेक्षा लांबले तर एव्ही नोडमध्ये किंवा त्याच्या पुढच्या वाटेवर वीज रेंगाळते आहे असे समजतात. काही पी तरंगांनंतर पुढचा तरंगच आला नाही, तर त्या ठोक्यांना वाट बंद झाली. पी आणि पुढचे तरंग आपापल्या चालीने, एकमेकांशी संबंध न ठेवता पडत असतील, तर वाट पूर्ण बंद झाली आहे आणि निलये स्वतःच्या संथ गतीने चालत आहेत.

अंतर फार कमी असणेही नेहमीचे नव्हे. काही माणसांत जन्मापासून अलिंद आणि निलय यांना जोडणारा स्नायूचा एक जादा धागा असतो. वीज त्यातून नोडचा थांबा टाळून खाली उतरते आणि पीआर अंतर तीन चौकोनांपेक्षा कमी भरते.

क्यूआरएस : खालच्या कप्प्यांतली लाट

एव्ही नोड ओलांडल्यावर वीज दोन फांद्यांतून आणि पुढे पुर्किन्ये तंतूंच्या जाळ्यातून वेगाने धावते. त्यामुळे निलयांचा एवढा जाड स्नायू ०.१० सेकंदाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेळात उत्तेजित होतो. स्नायू पुष्कळ आणि वेळ थोडा, म्हणून इथे रेघ उंच आणि अणकुचीदार उमटते.

या तरंगसमूहाचे तीन भाग म्हणजे तीन टप्पे. सर्वांत आधी दोन निलयांमधला पडदा डावीकडून उजवीकडे उत्तेजित होतो. डावीकडून पाहणाऱ्या लीडमध्ये ही वीज दूर जाते, म्हणून तिथे एक छोटी खाच पडते, ती क्यू. मग लाट निलयांच्या मुख्य भिंतींत पसरते. डावे निलय साऱ्या शरीराला रक्त पुरवते, म्हणून त्याची भिंत उजव्यापेक्षा बरीच जाड असते आणि एकूण ओढ डावीकडे राहते. लीड-२ मध्ये हा उंच सुळका आर. शेवटी निलयांचा वरचा, पाठीमागचा भाग उत्तेजित होतो. तेव्हा पडणारी खालची खाच म्हणजे एस. तिन्ही भाग प्रत्येक लीडमध्ये दिसतीलच असे नाही. आरच्या आधीची खाच क्यू आणि नंतरची एस, एवढाच नियम.

समूहाची रुंदी तीन लहान चौकोनांच्या आत, म्हणजे ०.१२ सेकंदापेक्षा कमी असावी लागते. ती त्याहून वाढली तर वीज जलद तंतूंऐवजी स्नायूच्या पेशीपेशीतून संथ चालली आहे. एखादी फांदी बंद झाली असेल किंवा ठोक्याचा उगमच निलयात असेल, तर असे होते. क्यूची रुंदीही महत्त्वाची. काही लीडमध्ये बारीक क्यू नेहमीची. पण एक लहान चौकोन किंवा त्याहून रुंद क्यू शेजारशेजारच्या लीडमध्ये दिसली, तर त्या भागातला स्नायू पूर्वी मेलेला असण्याची शंका येते. मेलेला स्नायू वीज निर्माण करत नाही, आणि त्या बाजूच्या लीडला समोरच्या भिंतीकडे निघून जाणारी वीज तेवढी दिसते.

अलिंदांतली वीज पूर्ववत होण्याची क्रियाही साधारण याच वेळेत चाललेली असते. तिचा तरंग इतका लहान असतो की तो क्यूआरएसमध्ये झाकला जातो.

एसटी आणि टी : परतीचा प्रवास

क्यूआरएस संपल्यावर रेघ पुन्हा मूळ पातळीवर येते आणि काही काळ जवळजवळ सपाट जाते. हा एसटी भाग. निलये याच काळात जोराने आवळलेली असतात आणि रक्त बाहेर ढकलत असतात. मग रेघ सपाट का? कारण या वेळी निलयांच्या सगळ्याच पेशी उत्तेजित अवस्थेत, जवळपास सारख्या पातळीवर थांबलेल्या असतात. कॅल्शियमचे कण आत येत राहिल्यामुळे त्या लगेच पूर्ववत होत नाहीत. सगळीकडे पातळी सारखी, म्हणून फरक नाही, आणि फरक नाही म्हणून तरंग नाही.

एसटी वर उचलला गेला किंवा खाली दबला तर डॉक्टर सावध होतात ते यामुळेच. रक्तपुरवठा तुटलेल्या पेशींना आपली पातळी सांभाळता येत नाही. त्यांच्यात आणि शेजारच्या निरोगी पेशींत फरक तयार होतो आणि सपाट असायला हवी ती रेघ जागा सोडते.

त्यानंतरचा रुंद, सावकाश उंचवटा म्हणजे टी तरंग. निलयांच्या पेशी पूर्ववत होतानाची ही नोंद. पूर्ववत होण्याची क्रिया विद्युतदृष्ट्या उलटी असल्याने टी खाली झुकायला हवा, असे वाटेल. पण सर्वांत शेवटी उत्तेजित झालेला बाहेरचा थर सर्वांत आधी पूर्ववत होतो. क्रिया उलटी आणि दिशाही उलटी, म्हणून लीड-२ मध्ये टी पुन्हा वरच उमटतो. तो आरइतका टोकदार नसतो, कारण परतीला जलद तंतूंचा उपयोग नसतो; प्रत्येक पेशी आपापल्या वेळेने पूर्ववत होते. रक्तातले पोटॅशियम वाढले की टी उंच, अरुंद आणि टोकदार होऊ लागतो. ते कमी झाले की टी सपाट होतो आणि त्यामागे येणारा यू नावाचा छोटा तरंग ठळक दिसू लागतो.

क्यू सुरू झाल्यापासून टी संपेपर्यंतच्या काळाला क्यूटी अंतर म्हणतात. नाडीची गती नेहमीची असेल, तर ते दोन आरमधल्या अंतराच्या निम्म्याहून कमी असावे, असा ढोबळ ठोकताळा आहे. काही औषधांनी ते लांबते आणि तेव्हा जिवाला धोका असलेली जलद लय सुरू होण्याची भीती असते.

एक निरोगी पट्टी मोजताना

समजा, लीड-२ च्या पट्टीवर दोन आर सुळक्यांमध्ये २० लहान चौकोन आहेत. मिनिटाला १५०० लहान चौकोन सरकतात. म्हणून १५०० भागिले २०, म्हणजे मिनिटाला ७५ ठोके. पुढची अंतरेही तेवढीच भरली तर ताल नियमित आहे. प्रत्येक क्यूआरएसच्या आधी एक वर उचललेला पी आहे, म्हणजे ठोक्याचा उगम एसए नोडमध्ये. पीआर चार चौकोन, म्हणजे ०.१६ सेकंद. क्यूआरएस दोन चौकोन, म्हणजे ०.०८ सेकंद. एसटी मूळ रेषेवर. क्यूटी नऊ चौकोन, म्हणजे दोन आरमधल्या २० चौकोनांच्या निम्म्याहून कमी. गती, ताल, पी, पीआर, क्यूआरएस, एसटी, टी आणि क्यूटी हा क्रम कायम ठेवला तर नजरेतून काही सुटत नाही.

बिघाड कसा दिसतो

आता दुसरी पट्टी. समजा, ५८ वर्षांच्या एका गृहस्थाच्या छातीत तासाभरापासून दडपल्यासारखे होते आहे, अंगाला दरदरून घाम सुटला आहे. त्यांच्या ईसीजीत दोन आरमध्ये ३० लहान चौकोन आहेत; म्हणजे मिनिटाला ५० ठोके. पी तरंग आहेत आणि प्रत्येकानंतर क्यूआरएसही आहे, पण पीआर सात चौकोन, म्हणजे ०.२८ सेकंद भरतो. क्यूआरएस दोन चौकोनांचाच आहे. एसटी मात्र लीड-२, लीड-३ आणि एव्हीएफ या तीन लीडमध्ये वर उचललेला आहे. लीड-३ मध्ये तर तीन चौकोनांपर्यंत. उलट लीड-१ आणि एव्हीएल या दोन लीडमध्ये तो खाली दबलेला आहे.

लीड-२, लीड-३ आणि एव्हीएफ या तिन्ही हृदयाकडे खालून पाहतात. तेव्हा इजा हृदयाच्या खालच्या भिंतीला झाली आहे. एव्हीएल वरच्या डाव्या बाजूने पाहते, म्हणून तिला तोच फरक उलटा दिसतो. अशी वर आणि खाली जोडी असली की हृदयविकाराच्या झटक्याची शंका बळावते. लीड-३ मधला उंचावा लीड-२ पेक्षा जास्त असेल, तर रोख उजव्या धमनीकडे जातो. लांबलेला पीआरही त्याच बाजूने बोलतो, कारण बहुतेक माणसांत खालच्या भिंतीला आणि एव्ही नोडला रक्त देणारी धमनी हीच असते. अरुंद क्यूआरएस सांगतो, की नोडच्या पुढची वाट शाबूत आहे. एसए नोडलाही पुष्कळ जणांत याच धमनीतून रक्त मिळते. संथ गतीमागे तेही एक कारण असू शकते. एसटी, पीआर आणि गती असे तीन वेगळे धागे अशा रीतीने एका धमनीपाशी जुळतात.

पुढच्या तासांत रेघ बदलत जाते. उपचाराने धमनी उघडली तर एसटी खाली उतरू लागतो. दीड तासात उंचावा निम्म्याहून कमी झाला, तर रक्त पुन्हा पोहोचते आहे असे मानतात. स्नायू मेला असेल तर काही तासांत रुंद क्यू उमटते आणि नंतर टी उलटा होतो. क्यू अनेकदा वर्षानुवर्षे राहते, म्हणून जुना झटका पुढच्या ईसीजीतही ओळखता येतो. खालच्या भिंतीच्या झटक्यात लांबलेला पीआर मात्र बहुधा काही दिवसांत पूर्वपदावर येतो.

रेघ फसवते तेव्हा

नोंद घेतानाच चूक झाली असेल, तर पुढचे सगळे वाचन चुकते. दोन हातांच्या वायरी अदलाबदल झाल्या तर लीड-१ मध्ये पी, क्यूआरएस आणि टी तिन्ही उलटे उमटतात, आणि एरवी खाली झुकणारी एव्हीआर ही लीड वर उचललेली दिसते. पण छातीवरच्या लीड नेहमीसारख्याच राहतात. त्यावरूनच दोष हृदयात नसून वायरींत आहे हे ओळखतात. रुग्ण थंडीने कुडकुडत असेल तर मूळ रेषा दातेरी होते आणि ती अलिंद कंपनासारखी वाटू शकते. जवळच्या विजेच्या तारांचा परिणाम झाला तर सेकंदाला ५० वेळा, म्हणजे एका लहान चौकोनात दोनदा, रेघ एकसारखी हलते. हृदयाचा कोणताही तरंग इतका काटेकोर आणि इतका दाट नसतो.

दुसरी मर्यादा काळाची. साध्या ईसीजीत दहा सेकंदांच्या आसपासचीच नोंद असते. दिवसातून एकदाच चुकणारा ताल त्यात सापडेलच असे नाही. त्यासाठी चोवीस तास किंवा अधिक काळ नोंद घेणारे होल्टर यंत्र अंगावर बांधतात. झटक्याच्या सुरुवातीला ईसीजी नेहमीसारखा दिसू शकतो, किंवा इजा बारा लीडच्या नजरेपलीकडच्या मागच्या भिंतीत असू शकते. म्हणून छातीतले दुखणे सुरू असेल, तर पहिला ईसीजी चांगला आला तरी तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात, रक्तातले ट्रोपोनिन तपासतात आणि हृदयाची प्रत्यक्ष हालचाल इकोमध्ये पाहतात.